वादळी ढग, विमानातलं रडार आणि लाल डागामागची काळी जागा

प्रश्न: वादळी ढग नेमके तयार कसे होतात? आणि विमानात वेदर रडार असतंच, तर पायलट त्यावर बघून ढगांच्या मधून वाट का काढत नाहीत? एवढा लांबून वळसा का घालतात?

उत्तर:

विमानातल्या रडारला वादळ दिसत नाही, त्यातलं पाणी दिसतं, आणि तेही सगळं नाही. या मर्यादेमुळेच आम्ही वैमानिक रडारचा उपयोग लांबून वळसा आखायला करतो, मधली फट शोधायला करत नाही. हे नीट कळण्यासाठी आधी ढगाच्या पोटात काय चाललेलं असतं ते पाहू.

वादळी ढगाला, म्हणजे क्युम्युलोनिंबसला, तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत दमट हवा, वर गेल्यावर झपाट्याने गार होत जाणारं वातावरण आणि त्या दमट हवेला पहिला धक्का देणारं काहीतरी. हा धक्का उन्हाने तापलेली जमीन देते, डोंगराचा चढ देतो किंवा खालून घुसणारी थंड हवेची आघाडी देते. वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. एका उंचीवर तिच्यातली वाफ थेंबांत बदलू लागते आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. वाफेचं पाणी होताना तिच्यात साठलेली सुप्त उष्णता बाहेर पडते. १ किलो वाफेतून सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता निघते, म्हणजे जवळजवळ अडीच हजार किलो हवा १ अंशाने तापवण्याइतकी. त्यामुळे ढगातली हवा आता दर किलोमीटरला १० ऐवजी ६ अंशांच्या आसपासच थंड होते. भोवतालची हवा त्याहून वेगाने थंड होत असेल, तर ढगातली हवा प्रत्येक पातळीवर शेजारच्या हवेपेक्षा उबदार आणि हलकी राहते. मग तिला धक्क्याची गरज उरत नाही, ती आपोआप वर जात राहते.

हा चढता झोत साध्या ढगात सेकंदाला १० मीटरचा असू शकतो आणि तीव्र वादळात ३० ते ५० मीटरपर्यंत जातो. तो ढगाला तपस्तब्धीपर्यंत, म्हणजे वातावरण उंचीनुसार थंड होणं जिथे थांबतं तिथपर्यंत, घेऊन जातो. समशीतोष्ण भागांत ही सीमा १० ते १२ किलोमीटरवर असते, उष्ण कटिबंधात १६ ते १८ किलोमीटरवर. प्रवासी जेट विमानं ११-१२ किलोमीटरवरून उडतात. ‘ढगाच्या वरून का जात नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यांतच आहे.

दरम्यान थेंब मोठे होतात, झोताला पेलेनासे होतात आणि पडू लागतात. पडताना ते हवेला आपल्याबरोबर खाली खेचतात. बाजूची कोरडी हवा आत शिरली की काही थेंबांची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि ती हवा आणखी थंड, आणखी जड होऊन खाली कोसळते. अशा वेळी एकाच ढगात चढता आणि उतरता झोत अगदी शेजारी शेजारी असतात. ही पक्व अवस्था सगळ्यात धोक्याची. विमान सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने जात असतं. एक किलोमीटरच्या अंतरात झोताची दिशा उलटली, तर विमानाला तो बदल चार सेकंदांत सोसावा लागतो.

साध्या ढगात पडणारा पाऊस स्वतःच्याच चढत्या झोतावर कोसळतो आणि त्याला संपवतो, म्हणून असा ढग अर्ध्या-एक तासात ओसरतो. पण उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असेल तर ढग तिरका होतो. पाऊस एकीकडे पडतो आणि चढता झोत दुसरीकडे विनाअडथळा चालू राहतो. ही वादळं तासन्‌तास टिकतात आणि मोठ्या गारा त्यांच्यातच तयार होतात.

ढगाची ही रचना १९४६ आणि १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोमध्ये पद्धतशीरपणे तपासली गेली. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांच्या ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’मध्ये पी-६१ जातीची लढाऊ विमानं मुद्दाम वादळी ढगांत घातली गेली. वाढीची, पक्व आणि ओसरण्याची अशा ज्या तीन अवस्था आम्ही आजही शिकतो, त्या या कामातून आलेल्या आहेत.

आता रडारसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या ढगाचे उभे थर. तळाशी, शून्य अंशाच्या पातळीखाली, पाणी असतं. उष्ण कटिबंधात ही पातळी साधारण १६,००० फुटांवर असते. तिच्यावर बऱ्याच उंचीपर्यंत मिश्रण असतं: शून्याखाली जाऊनही न गोठलेलं अतिशीत पाणी, ओल्या गारा, बर्फाचे कण. उणे ४० अंशांच्या पातळीच्या वर मात्र सगळा कोरडा बर्फ. हे थर बाहेरून दिसत नाहीत, पण रडारच्या दृष्टीने ती जवळजवळ तीन वेगळी जगं आहेत.

रडारचा अँटेना विमानाच्या नाकात बसवलेला असतो. तो सुमारे ३ सेंटीमीटर तरंगलांबीच्या लहरींचा झोत सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी, म्हणजे एको, पडद्यावर रंगाने दाखवतो. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जोरदार. कुठे किरमिजी दिसला तर तिथे रडारने थेंबांच्या वेगातल्या फरकावरून खळबळ ओळखलेली असते, आणि हे त्याला साधारण ४० नॉटिकल मैलांच्या आतच जमतं. एको किती जोरात येईल हे थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतं. व्यास दुप्पट झाला की एको ६४ पट. म्हणून पावसाचे मोठे थेंब आणि पाण्याने माखलेल्या गारा लखलखीत दिसतात, तर ढगातले सूक्ष्म थेंब दिसतच नाहीत. कोरडा बर्फ तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम एक पंचमांश एको देतो. वादळाचा माथा हा असा कोरडा बर्फच असतो. पडद्यावर हिरवाही रंग नसलेल्या माथ्यात विमान जोरात हादरू शकतं, कारण खालचा झोत तिथपर्यंत पोचलेला असतो.

इथे अँटेनाचा कोन, म्हणजे टिल्ट, महत्त्वाचा ठरतो. मला विचाराल तर रडार हाताळण्याचं अर्धं कौशल्य या एका बटणात आहे. हिशोब सोपा आहे: १ अंश म्हणजे दर नॉटिकल मैलाला जवळजवळ १०० फूट. समजा आपण ३५,००० फुटांवर आहोत आणि टिल्ट उणे २ अंश ठेवला आहे. समोर ८० मैलांवर वादळ आहे. तिथे झोताचा मध्य आपल्याखाली १६,००० फूट, म्हणजे १९,००० फुटांच्या आसपास पडतो. तो ढगाच्या ओल्या भागावर लागतो आणि पडद्यावर ठसठशीत लाल डाग उमटतो. आता टिल्ट तसाच ठेवून पुढे गेलो. वादळ २० मैलांवर आलं तेव्हा झोताचा मध्य फक्त ४,००० फूट खाली, म्हणजे ३१,००० फुटांवर आहे. तो आता बर्फाळ माथ्यातून जातो. लाल डाग आधी पिवळा होतो, मग हिरवा, मग विरळ. पाहणाऱ्याला वाटतं की वादळ ओसरत चाललंय. वादळ आहे तसंच असतं, आपण त्याच्या डोक्यावरून पाहत असतो. जवळ जाताना टिल्ट टप्प्याटप्प्याने खाली आणला, तर लाल रंग जिथल्या तिथे परत दिसतो. जवळ आल्यावर फिका होणारा डाग दिसला की पहिला हात टिल्टकडे जायला हवा. नव्या रडारांत अँटेना आपोआप वेगवेगळ्या कोनांतून फिरतो आणि ही चित्रं जोडून दाखवतो. त्याने ही चूक बरीच कमी झाली आहे, तरी संशय आला की आम्ही हाताने खात्री करतो.

दुसरी फसगत याहून वाईट आहे आणि ती कुठल्याही बटणाने पूर्ण टळत नाही. ३ सेंटीमीटरची लहर जोरदार पावसातून जाताना शोषली जाते, विखुरली जाते. जाताना घटते आणि परत येतानाही घटते. पाऊस पुरेसा दाट असेल तर पलीकडच्या भागातून काहीच परत येत नाही, आणि तिथे पडदा काळा राहतो. पडद्यावर काळा म्हणजे ‘एको नाही’. तिथे काही नसल्यामुळे एको नाही, की लहर तिथवर पोचलीच नाही म्हणून एको नाही, हे तो रंग सांगत नाही. जमिनीवरची मोठी रडारं १० सेंटीमीटरच्या लहरी वापरतात, त्यांचं पावसात फारसं नुकसान होत नाही. पण एवढ्या लांब लहरीचा अरुंद झोत करायला अँटेनाही तेवढाच मोठा लागतो आणि तो विमानाच्या नाकात मावत नाही. ही तडजोड आम्ही स्वीकारलेली आहे, म्हणून तिचे परिणामही आम्हीच ओळखायला हवेत.

याचं सगळ्यात स्पष्ट आणि वेदनादायक उदाहरण ४ एप्रिल १९७७चं आहे. सदर्न एअरवेजचं फ्लाइट २४२, डीसी-९ विमान, अलाबामातल्या हंट्सव्हिलहून अटलांटाला निघालं होतं. विमानात ८५ माणसं होती आणि उड्डाण छोटंसंच होतं. वाटेत जॉर्जियातल्या रोम शहराजवळ तीव्र वादळांची रांग होती. वैमानिक रडारवर पाहत होते. समोरचा भाग जड आहे हे त्यांना दिसत होतं, आणि त्यात एक मोकळी जागा आहे का याची त्यांच्यात चर्चा झाली. नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं की एको कमी असलेला जो भाग त्यांना तुलनेने सौम्य वाटला असावा, तिथे प्रत्यक्षात वादळ सगळ्यात तीव्र होतं. दाट पावसाने लहरी अडवल्या होत्या. विमान १७,००० ते १४,००० फुटांच्या दरम्यान प्रचंड पाऊस आणि गारांत शिरलं. समोरची काच तडकली, इंजिनांत पाणी आणि गारा एवढ्या गेल्या की कॉम्प्रेसर मोडले आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत खाली आणलं आणि न्यू होप या वस्तीतल्या रस्त्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. विमानातली ६३ आणि जमिनीवरची ९ माणसं गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणांमध्ये दोन्ही इंजिनांची शक्ती जाणं हे मुख्य धरलं. हातभार लावणाऱ्या कारणांत कंपनीकडून ताजी हवामान माहिती न मिळणं, हवाई नियंत्रण यंत्रणेच्या त्या वेळच्या मर्यादा आणि वादळी भागातून वाट काढण्यासाठी कॅप्टनने विमानातल्या रडारवर ठेवलेला भरवसा यांचा उल्लेख केला. त्या वैमानिकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे एकरंगी पडदा होता, माहिती जुनी होती आणि वेळ मिनिटांचा होता. पण ‘रडार वळसा घालण्यासाठी आहे, घुसण्यासाठी नाही’ हे वाक्य शिकवताना मला ही घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग डागामागची ही सावली, म्हणजे लहर न पोचलेली जागा, ओळखायची कशी? माझी आवडती पद्धत जमिनीची आहे. टिल्ट एवढा खाली करायचा की वादळाच्या दोन्ही बाजूंना आणि पलीकडे जमिनीचा एको दिसू लागेल. डागाच्या बाजूला जमीन रंगलेली आहे, पण त्याच्या बरोबर मागे काळा पट्टा बाहेरच्या कडेपर्यंत जातोय, तर तिथे लहर पोचलेली नाही. जमीन तर कुठे जात नाही, मग ती गायब का आहे? समुद्रावर ही युक्ती तितकी चालत नाही, कारण शांत पाण्याचा एको कमजोर असतो. दुसरी खूण म्हणजे डागाचा आकार. खऱ्या ढगाची पलीकडची कड सहसा बाहेर फुगलेली असते. पलीकडची कड आत वळून चंद्रकोरीसारखी दिसू लागली, किंवा लाल रंग पिवळ्या-हिरव्याला फारशी जागा न देता थेट काळ्यात संपला, तर ती कड ढगाची नाही, रडारची हद्द आहे असं समजायचं. काही रडारं आता अशा दिशेला पडद्यावर खूण करून सावध करतात. ती खूण दिसली की त्या दिशेची वाट विचारातूनच काढून टाकायची.

जमिनीवरच्या रडारचं चित्र उपग्रहाने कॉकपिटमध्ये मिळतं, मग तेच का वापरू नये, असंही लोक विचारतात. दूरचा बेत आखायला ते उत्तम आहे. पण ते अनेक रडारांची माहिती जोडून बनतं, आणि पडद्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षण बरंच जुनं असू शकतं. अमेरिकेच्या त्याच मंडळाने २०१२ साली इशारा दिला होता की हा फरक १५ ते २० मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. जो ढग अर्ध्या तासात जन्मून पक्व होतो, त्याच्यासाठी २० मिनिटं म्हणजे निम्मं आयुष्य. नाकातलं रडार अपुरं असलं तरी आत्ताचं सांगतं.

आता प्रत्यक्ष वाट कशी निवडतो ते एका उदाहरणातून पाहा. आपण ३५,००० फुटांवर उत्तरेकडे चाललो आहोत, जमिनीसापेक्ष वेग ४८० नॉट, म्हणजे मिनिटाला ८ मैल. वारा पश्चिमेकडून आहे. समोर १२० मैलांवर दोन मोठे लाल डाग, मध्ये २५ मैलांची फट. तीव्र वादळापासून २० मैल दूर राहायचं हा जुना, मान्य नियम आहे. दोन्ही बाजूंना २० मैल सोडायचे तर फट निदान ४० मैलांची हवी. २५ मैलांची फट पडद्यावर कितीही ऐसपैस दिसली तरी ती बाद. शिवाय आपण तिथे पोचायला १५ मिनिटं आहेत, आणि तेवढ्या वेळात त्या फटीत नवा ढग उभा राहू शकतो. शेजारी दोन मोठी वादळं असताना त्यांच्यातून खाली येणारी थंड हवा मधल्या दमट हवेला उचलतच असते.

म्हणून दोघांच्या बाहेरून जायचं. पश्चिमेकडून, की पूर्वेकडून? शक्यतो वारा येतो त्या बाजूने, म्हणजे इथे पश्चिमेकडून. ढगाचा ऐरणीसारखा पसरलेला माथा वाऱ्याबरोबर पूर्वेला जातो, खळबळ तिकडे जास्त असते आणि ढगातून बाहेर फेकलेल्या गारा त्या माथ्याखाली, अगदी स्वच्छ हवेतही पडू शकतात. वादळंही बहुधा त्याच दिशेने सरकत असतात. २५ नॉटने सरकणारं वादळ १५ मिनिटांत ६ मैल पूर्वेला जाईल, म्हणजे आपल्या वाटेतून आणखी बाजूला.

समजा पश्चिमेकडच्या डागाला मोकळं सोडण्यासाठी आपल्याला मार्गापासून ३० मैल बाजूला जायचं आहे. १२० मैलांवर ठरवलं, तर फक्त १४ अंश डावीकडे वळावं लागतं. जाऊन परत मार्गावर येण्यात एकूण ७-८ मैल जास्त पडतात, म्हणजे जेमतेम एक मिनिट. तोच निर्णय ४० मैलांवर घेतला, तर ३७ अंश वळावं लागतं, २० मैल जास्त पडतात, आणि वळण पूर्ण होईपर्यंत आपण वादळाच्या आणखी जवळ गेलेलो असतो. प्रवाशांना जो लांबलचक वळसा वाटतो, तो बहुतेक वेळा हा एका मिनिटाचा असतो. हवाई नियंत्रकाकडेही लवकर मागावं लागतं, कारण त्याच वादळाला टाळणारी इतर विमानंही तीच बाजू मागत असतात. ‘हवामानामुळे मार्गाच्या डावीकडे ३० मैलांपर्यंत’ अशी मागणी केली की त्या पट्ट्यात आपल्याला पुढे थोडा बदल करायला मोकळीक राहते.

वरून जाण्याचा विचार क्वचितच टिकतो. माथ्यावरच्या वाऱ्याच्या दर १० नॉटमागे १,००० फूट अंतर ठेवावं असा ठोकताळा आहे. वारा ५० नॉट असेल तर ५,००० फूट. ३८,००० फुटांच्या ढगावरून जायला ४३,००० फूट लागतील, आणि भरलेलं प्रवासी विमान बऱ्याचदा तिथे चढूच शकत नाही. त्यात माथा वाढत असेल तर मिनिटाला काही हजार फूट वर येतो. खालून जाण्यात उतरता झोत, गारा आणि वीज या तिन्हींशी गाठ पडते, तो विचारही नको.

वादळाच्या बाजूने जाताना रडार दोन पल्ल्यांवर ठेवतो: एका पडद्यावर १६० मैल, दुसऱ्यावर ४० किंवा ८०. फक्त जवळचं पाहत राहिलं की एका ढगाला टाळता टाळता पुढच्या रांगेच्या कोपऱ्यात अडकण्याची शक्यता असते. आणि मार्गावर परत वळण्याआधी, वादळ काटकोनात मागे गेल्यावरही, नव्या दिशेला टिल्ट खाली करून एकदा पाहतो. विमानातलं रडार फक्त समोरच्या बाजूला पाहतं, वळणाच्या आतल्या बाजूला मागे काय लपलंय ते नाक तिकडे फिरेपर्यंत कळत नाही. म्हणून ते वळण थोडं उशिरा आणि सावकाश घेतो.